वॉलपेपर बंद

आमच्या कार्यालयात पाण्याच्या जुन्या नळांचे नकाशे कॉम्प्युटरवर आणायचं काम चालतं. ते सॉफ्टवेअर इतकं म्हातारं आहे, की नव्या विंडोजवर उठून बसतसुद्धा नाही. म्हणून सर्व्हरच्या पोटात एक जुनी विंडोज चालवून ठेवली आहे. आमच्या भाषेत तिला गेस्ट म्हणतात, पण ही पाहुणी जायचं नाव घेत नाही. तिची उठबस करणारा मी, आणि तिच्याशी सर्वांत जास्त संसार केला तो नकाशाताईंनी.

ताई कार्यालयातल्या सर्वांत जुन्या आरेखक. त्यांची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यांनी घरून काम करायची परवानगी मागितली. घर दूर, दोन गाड्या बदलून जायचं, आणि तिथलं इंटरनेट म्हणजे असून नसल्यासारखं. "तीन महिने बघू," साहेब म्हणाले. साहेबांचं 'बघू' म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

ताई घरच्या कॉम्प्युटरवरून इंटरनेटने गेस्टला जोडून घ्यायच्या, आणि गेस्टचा पडदा चित्र होऊन त्यांच्याकडे यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी माउस हलवला, की बाण बऱ्याच वेळाने मागून यायचा. मी फोनवर एकेक गोष्ट काढत गेलो. आवाज बंद. खिडक्या सरकतानाचे आणि मेन्यू उघडतानाचे चाळे बंद. अक्षरांची गुळगुळीत कड बंद. एकदा आलेलं चित्र त्यांच्याच कॉम्प्युटरवर साठवायची सोय तेवढी चालू ठेवली.

"आता वॉलपेपर," मी म्हणालो.

"तिथे आईचा फोटो आहे," ताई म्हणाल्या. मग हसल्या. "काढा. खरी आई आहे की शेजारच्या खोलीत."

फोटो पुसला जात नाही, फक्त लांबून दिसत नाही, असं मी सांगितलं. मग रिझोल्यूशन. आठशे बाय सहाशे केलं तर वेग आला, पण सॉफ्टवेअरचं 'ओके' बटण पडद्याच्या खाली बुडालं. दोन दिवस ताई अंदाजाने एंटर दाबत होत्या. "आंधळी कोशिंबीर खेळायचं वय आहे का माझं?" त्या म्हणाल्या. शेवटी एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्टवर तडजोड झाली.

तरी नकाशा सरकवला, की पट्ट्यापट्ट्यांनी यायचा. राहता राहिले रंग. बत्तीस बिटवरून सोळावर आणले, तसं ओझं बरंच उतरलं आणि ताईंचा हात चालू लागला. पण सोळा बिटमध्ये रंगांच्या छटा कोटींवरून पासष्ट हजारांवर येतात, आणि अगदी जवळच्या छटा एकमेकींत मिसळून जातात. आमचे नकाशे हाताने रंगवलेल्या जुन्या कागदांचे स्कॅन. चालू नळ फिकट निळा, बंद केलेला नळ किंचित हिरवट निळा. शाई उडून दोघांत नखभर फरक उरलेला. सोळा बिटमध्ये तोही गेला.

ताईंनी यावर स्वतःची रीत काढली. रेषा सोळा बिटमध्ये ओढायच्या, मग कनेक्शन तोडायचं, सेटिंग बत्तीस करून पुन्हा जोडायचं आणि रंग तपासायचे. लॉग ऑफ करायचं नाही, म्हणजे गेस्टमधलं काम जिथल्या तिथे राहतं. बत्तीसमध्ये एक पान उघडेपर्यंत आईची कूस बदलून, तिला दोन घास भरवून व्हायचं. ताईंची तक्रार नव्हती.

तिसऱ्या महिन्यात लाइन आणखी ढासळली. बत्तीस बिटमध्ये चित्र उघडेचना. अर्ध्यावर यायचं आणि कनेक्शन तुटायचं. काम देण्याच्या मुदतीच्या दिवशी ताईंनी बाजारपेठेच्या भागाचं पान पूर्ण केलं, आणि खाली लिहिलं: 'या पानावरचे दोन निळे मला वेगळे दिसलेले नाहीत. तिथल्या कुणीतरी डोळ्यांनी बघून घ्यावे.'

दुसरं कुणी असतं तर गप्प राहून पान पुढे ढकललं असतं. कुणाला कळलं असतं? मला त्या ओळीचा अभिमान वाटला, आणि साहेब तिचा काय अर्थ लावतील याची काळजीही.

साहेबांनी ती ओळ वाचली. "इथल्याच माणसाने बघायचं असेल, तर काम इथेच का होऊ नये?"

मी बिट आणि छटा समजावत बसलो. पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या महिन्यापासून कार्यालयात या, नाहीतर राजीनामा द्या, असं ताईंना कळवलं गेलं. आईला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. ताईंनी राजीनामा पाठवला.

त्यांचं खातं बंद करायचं काम माझ्याकडेच आलं. त्यांचं काही राहिलंय का बघावं, म्हणून सर्व्हरच्या खोलीत बसून गेस्ट तिथल्याच पडद्यावर उघडली. मधे लाइन नाही, काही बंद नाही. पूर्ण रंगांत वॉलपेपर आला. दारात उभी असलेली एक ताठ बाई, उन्हामुळे कपाळावर हात धरलेली.

मी ताईंना फोन लावला. "तुमच्या आईंचा फोटो आहे इथे. याची दुसरी प्रत आहे का तुमच्याकडे?"

"नाही हो. त्या मशीनवरच राहिला. ती उभी असलेला तेवढाच फोटो आहे."

"पाठवतो."

"पाठवा दादा. पण लहान करून पाठवा. मोठा इथे उघडायचा नाही."