बर्फाची वर्गणी

कॅनडा सोडून मी कडेगावला परत आले, पण माझा फोन मनानं तिकडंच राहिला. उसाला पाणी चालू होतं, मी पाटाच्या चिखलात उभी राहून कारखान्याचं ऊसनोंदणीचं ॲप शोधलं, तर ॲप स्टोअर म्हणालं, हे तुमच्या देशात उपलब्ध नाही. मला हसू आवरेना.

स्टोअरच्या खात्यावर अजून कॅनडाच होतं; तो देश बदलायचा तर चालू वर्गणी आधी संपावी लागते. माझी एकच उरली होती, बर्फाचा अंदाज सांगणाऱ्या ॲपची, आणि तीही वर्षभराची. लगेच रद्द केली, तरी भरलेली मुदत आणखी तीन आठवडे होती.

मग भर मार्चात, रोज दुपारच्या चहाला फोन वाजायचा: वीस सेंटिमीटर बर्फ, गाडी काढण्याआधी रस्ता साफ करा. आण्णा, म्हणजे माझे वडील, सैन्यातून निवृत्त. बर्फात त्यांची कैक वर्षं गेलेली. ते विचारायचे, "आज किती?" आकडा ऐकला की टोपी घालून तडक पारावर, दोस्तांना सांगायला.

मुदत संपली. मी इथला पत्ता घातला, जुनं कार्ड काढून यूपीआय जोडलं, आणि देश बदलला. कारखान्याचं ॲप उतरलं तशी मी अंगणात नाचलेच. आण्णांना दाखवायला गेले.

"ऊस कुठं पळून जात न्हाई," ते म्हणाले. "आज बर्फ किती?"

"ते बंद झालं, आण्णा. इथं मिळत नाही."

"मग परत कॅनडा कर की."

मी नकारार्थी मान हलवली. ते टोपी घालून निघाले. थोड्या वेळानं पारावरून त्यांचा आवाज आला, "आज लय पडला, गड्या. पोरीचा फोनबी गाडला गेला."