चौथं अक्षर

ऑडिट फर्ममध्ये तिला सगळे चुळबुळताई म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याने ते अगदी बघून ठेवलं होतं. ही बाई खुर्चीत बसली तरी बसल्यासारखी वाटत नसे. चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर, पेन उघड, पेन मीट, मधूनच उठून खिडकीपर्यंत एक फेरी. घरी कुलूप लावून जिना उतरल्यावर ती परत वर जायची, गॅस बंद आहे की नाही ते बघायला. नवरा म्हणायचा, "तपासल्याची सही करून ये एकदा, म्हणजे आपण निघू." ती हसायची आणि तरीही बघून यायची.

फर्मच्या साहेबांना तिची ही चुळबुळ सहन होत नसे, पण टीडीएसची तपासणी निघाली की तेच तिला शोधत यायचे. पगार किंवा बिल देतानाच कंपनीने कर कापून ठेवायचा, तो मुदतीत सरकारात भरायचा आणि दर तिमाहीला रिटर्न भरून सांगायचं की कोणाच्या नावावर किती कापला. कापलेलं, भरलेलं आणि सांगितलेलं एकमेकांशी जुळतं का, हे तपासणाऱ्याने बघायचं. दुसऱ्या कोणाला दिलं तर तो दुपारपर्यंत पेंगायला लागे. हिला मात्र त्यातच करमायचं.

या खेपेला ती पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात आली होती. अकाउंट्सची खोली स्टोअरच्या वर. खालून ग्रीसचा वास यायचा, पंखा फिरला की प्रत्येक कागदावर काहीतरी ठेवावं लागायचं, आणि अण्णा त्यासाठी पंपाचे जुने नट वापरायचे. अण्णा म्हणजे तिथले हिशेबनीस. माणूस टापटीप, शर्टाला इस्त्री, फायलींना रंगीत चिठ्ठ्या. गेली कित्येक वर्षं ते एकटेच सगळं ओढत होते आणि कोणी विचारलं की एवढंच म्हणायचे, "टोटल जुळली ना? मग झालं."

टोटल जुळत होती. पगाराचं तर बघायलाच नको. महिन्याचा पगारपट, त्यातली कपात, चलन आणि रिटर्न, सगळं एका ओळीत. चलनं पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत भरलेली. पुरवठादार आणि कंत्राटदारांचंही तसंच. बिलांवरून कापलेल्या रकमेची बेरीज, चलनांची बेरीज, रिटर्नची बेरीज, तिन्हींत पैशाचाही फरक नाही. साहेबांचा फोन आला, "संध्याकाळी गुंडाळा." अण्णांनी चहा मागवला.

तिला मात्र चैन पडेना. कारण टेबलावरचा अण्णांचा मोबाइल. तो उपडा ठेवलेला होता आणि थरथरत नटांकडे सरकत होता. थांबायचा, परत थरथरायचा. अण्णा ढुंकूनही बघत नव्हते.

"घ्या की अण्णा. घरचा असेल."

"घरचा कसला! आपला बसवाला. कामगारांना ने-आण करतो ना, तो. त्याचा कर म्हणे पूर्ण दिसत नाही. आपण कापला, आपण भरला, चलन दाखवलं, तरी हेच. काही लोकांना तक्रार केल्याशिवाय जेवण जात नाही."

"नोटीस आलीय का त्यांना?"

"आलीय म्हणतो. कर परत भरा म्हणून. भरेल नाहीतर लढेल, मी काय करू?" अण्णांनी हात झटकले.

चुळबुळताई खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. मनात शंकेची पाल चुकचुकली की तिला बसवतच नसे. बेरजा बाजूला सारून तिने बसवाल्याची एकट्याची ओळ काढली. बिलं बरोबर. तो एकटा धंदा करणारा माणूस, म्हणून एक टक्का कापलेला, तेही बरोबर. रिटर्नमध्ये नाव त्याचं, रक्कम त्याची. मग तिची नजर नावाशेजारच्या पॅनवर गेली. पॅनमधलं चौथं अक्षर सांगतं की नंबर कोणाचा. माणसाचा असेल तर पी, कंपनीचा असेल तर सी. इथे सी होता.

"अण्णा, बसवाले कंपनी कधीपासून झाले?"

"कंपनी? दोन बस आहेत त्याच्या. एक तर धक्का मारून चालते."

तिने खालची ओळ बघितली, मग त्याच्या खालची. खाली चारच नावं होती, आणि प्रत्येकाशेजारी त्याच्या वरच्याचा पॅन. खुर्ची मागे ढकलून ती उभीच राहिली. अण्णांची पद्धत तिने सकाळीच बघितली होती. मागच्या तिमाहीची यादी उचलायची, रकमा बदलायच्या, रिटर्न भरायचं. गेल्या वर्षी तिसऱ्या तिमाहीत रंग पुरवणारी कंपनी सोडून गेली. अण्णांनी तिचं नाव खोडलं, खालची नावं एकेक घर वर सरकली, पण पॅनचा रकाना जागचा हलला नाही. शेवटी उरलेला एक पॅन त्यांनी जास्तीचा म्हणून पुसून टाकला. चौथी तिमाही त्याच यादीवरून भरली. रिटर्न घेणाऱ्या यंत्रणेने पॅन खरे आहेत एवढंच पाहिलं, आणि ते खरेच होते. सहा महिन्यांचा बसवाल्याचा कर रंगवाल्यांच्या नावावर जमा होत होता, आणि त्याच्या पॅनवर खालच्या नावाची किरकोळ रक्कम. टोटल मात्र जुळत होती.

अण्णांनी चष्मा पुसून तीनदा बघितलं. मग दार लोटून घेतलं.

"ताई, दुरुस्तीचं रिटर्न आजच भरतो. पैसे तर वेळेतच भरलेत, कोणाचं काही बुडालं नाही. हे रिपोर्टात नका घालू. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. मालकांसमोर हा एकच डाग..."

तिला त्यांची दया आली आणि रागही आला. इतक्या वेळा फोन वाजला, एकदाही यांना ओळ उघडून बघावीशी वाटली नाही! पण माणूस घाबरला होता. तिने पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मोबाइल परत थरथरायला लागला.

"आधी हा घ्या," ती म्हणाली. "स्पीकरवर."

अण्णांनी घेतला. घसा खाकरून म्हणाले, "हां, ते तुमच्या कराचं... आमच्याकडून नंबर चुकलाय. दुसऱ्याच्या नावावर गेलाय. दुरुस्ती भरतो, मग तुमच्याकडे दिसेल. नोटिशीला तसं उत्तर द्या."

पलीकडे इंजिन बंद केल्याचा आवाज आला. मग बसवाला म्हणाला, "म्हणजे अण्णा, मी खरं बोलत होतो?"

"हो."

"मग एक उपकार करा. घरी कोणी विश्वास ठेवत नाही. बिल कमी आलं की मी सांगायचो, कर कापलाय. आता सरकार म्हणतं एवढा कापलाच नाही. ही विचारते, मग पैसे गेले कुठे? आठ दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. गाडी दारातच उभी आहे, तिला देतो फोन. जरा तुम्हीच सांगा."

अण्णा खुर्चीतून उठले. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर त्यांनी उगाचच नीट केली.

"वहिनी, यांनी पैसे कुठे घातले नाहीत. खरंच कापले होते. चूक आमची आहे." मग हळू आवाजात, "आमची म्हणजे माझी."

बाईंचा आवाज कोरडा होता. "तोंडानं काय, आठ दिवस तुम्ही यांना खोटं पाडलंत. लिहून द्याल?"

अण्णांनी चुळबुळताईकडे पाहिलं. ती कधी नव्हे ती अगदी स्वस्थ बसली होती.

"देतो," ते फोनमध्ये म्हणाले. मग फोन तसाच हातात धरून तिला म्हणाले, "ताई, तुमच्या रिपोर्टातही लिहा. आणि लिहिलंत की त्याची एक प्रत मला द्या, वहिनींना पाठवायची आहे."