रडणारे दोन चेहरे

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सिल्लोडच्या माझ्या अक्काची जीभ जड झाली, उजवा हातही गेला. तेव्हापासून ती फोन उचलत नाही. डाव्या अंगठ्यानं मोबाइलवर नुसती चित्रं पाठवते. सकाळी निळं हृदय आलं की समजायचं, जय भीम, आज बरी आहे.

परवा दुपारी इकडं शहरात, औरंगपुऱ्याच्या बाजारात भाजी घेत होते, तेव्हा घरच्या ग्रुपवर तिचे दोन चेहरे आले. 😭😭 तिच्या पुण्यातल्या लेकानं लगेच खाली खो-खो हसणारा चेहरा टाकला. मी त्याला फोन लावला, तर म्हणतो, "मावशी, आजकाल लई हसू आलं की हेच टाकतेत."

"तुम्ही टाकत असाल रे! तुझी आई आहे ती!" मी फोन ठेवला. पण मोबाइल तिला नातीनं शिकवलेला, त्यामुळं खात्री मलाही नव्हती.

मी उलट चित्र धाडलं नाही. चित्राला चित्र दिलं की दोघींनीही अंदाजच बांधत बसायचं. मी बोलून पाठवलं, "अक्का, हसत असशील तर फूल टाक, रडत असशील तर पाण्याचा थेंब." अंगठ्याचं चित्र मुद्दाम सांगितलं नाही; ते ती कशालाही टाकते.

थेंब आला.

मी पिशवी उचलली, रिक्षाला हात केला आणि पुन्हा बोलून पाठवलं, "मी येऊ का गं?"

रिक्षावाल्याला म्हटलं, बसस्टँडला चल. मग चहाचे कप आले. दोन.