राजाची उडी

एखाद्याशी दर आठवड्याला न चुकता भांडायचं ठरवलं, की वर्षभरात किस्से आपोआप साठतात. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. माझे आणि मिल्याचे असेच साठले. मिल्या म्हणजे माझा चुलत भाऊ मिलिंद, माझ्याहून दीड वर्षानं लहान. तो न्यूजर्सीत आणि मी इंदापूरच्या शाळेत गणित शिकवणारी. भांडायला आम्हाला इंटरनेटवरचा बुद्धिबळाचा पट होता.

खेळ आम्हा दोघांना शिकवला तात्यांनी. तात्या म्हणजे मिल्याचे वडील, माझे थोरले चुलते. कऱ्हाटीला राहतात, रिटायर्ड मास्तर. त्यांचं बुद्धिबळ जुन्या देशी पद्धतीचं. प्यादं नेहमी एकच घर पुढं जाणार, सुरुवातीला दोन घरं वगैरे लाड नाहीत. शह बसायच्या आत राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येणार. आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते घर ज्या मोहऱ्याचं, तोच मोहरा होणार. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. सगळ्यात कडक नियम म्हणजे एकदा खेळलेली चाल परत नाही. मी सात वर्षांची असताना एका चालीसाठी रडले होते. तात्या म्हणाले, "रड की, पण चाल तितंच राहील."

कॉलेजात गेल्यावर कळलं की सगळं जग दुसऱ्याच नियमांनी खेळतं. तात्यांना सांगायची हिंमत मात्र दोघांचीही झाली नाही.

*

बारामतीत जगताप सरांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि त्यांच्याकडे इंटरनेट होतं. रविवारी पहाटेची एसटी पकडून मी साडेसातला तिथं पोचायचे. तेव्हा तिकडं शनिवारचे रात्रीचे दहा वाजलेले असायचे. दोघांनी एका बुद्धिबळाच्या साइटवर नाव नोंदवलेलं होतं. प्रत्येकाला तीस मिनिटं. आपण चाल केली की आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं सुरू होतं. वेळ संपली की डाव गेला, मग पटावर तुमची कितीही फौज असो.

पहिल्याच रविवारी मी जिंकत होते आणि लाइन तुटली. वरच्या मजल्यावर जगताप सरांच्या आईंनी फोन उचलला होता. तेव्हा इंटरनेट फोनच्याच वायरीतनं किंचाळत यायचं, आणि ती वायर वर आणि खाली एकच, त्यामुळं वर फोन उचलला की खाली इंटरनेट मेलंच.

आजी जिन्यात येऊन म्हणाल्या, "आरं, फोनात कोण किंचाळतंय?"

मला वाटलं डाव गेला. पण पुन्हा जोडणी करून पाहते तर पट जसाच्या तसा, घड्याळसुद्धा जिथल्या तिथं. दोघांची नावं नोंदवलेली असली की अर्धा डाव ती साइट जपून ठेवते. दोघं परत आले की तिथूनच पुढं. पाहुणा म्हणून खेळणाऱ्याला ही सवलत नसते.

त्यानंतर दर रविवारी आजी फोन उचलण्याआधी वरूनच ओरडून विचारायच्या, "किंचाळतोय का गेला?"

*

क्लासमधल्या माउसच्या पोटात रबरी गोळी होती आणि त्या गोळीला पोरांच्या हाताचा सगळा मळ चिकटलेला. एकदा वजीर ओढत नेताना तो मध्येच अडकला आणि एक घर आधीच सुटला. थेट मिल्याच्या उंटाच्या माऱ्यात.

त्या साइटवर चाल परत मागायची सोय आहे. बटण दाबलं की समोरच्याला चौकट दिसते. त्यानं हो म्हटलं तर मोहरा मागं जातो, नाही म्हटलं तर जागेवर राहतो. मी बटण दाबलं आणि खाली लिहिलं, "मिल्या, माउस अडकला रे."

आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. त्याचं उत्तर आलं, "नंदाताई, तात्यांचा नियम."

आणि माझा वजीर खाल्ला. पुढचा आठवडाभर मी त्याला मेल केला नाही. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये स्पिरिट आणि कापूस असतो.

*

ऑक्टोबर संपता संपता एका रविवारी मिल्या आलाच नाही. साडेसात, पावणेआठ, आठ. आजारी आहे की काय, गाडी ठोकली की काय, माझ्या मनात काय काय येऊन गेलं. बरोबर साडेआठला स्वारी हजर.

"वेळेवर तर आलोय, इथं दहा वाजलेत," तो म्हणाला. मग खुलासा झाला. त्या रात्री तिकडं घड्याळं तासभर मागं करायची होती. पण हा पठ्ठ्या झोपायच्या आधी विसरायला नको म्हणून संध्याकाळीच करून बसला होता.

मी हे कऱ्हाटीला जाऊन काकूला, म्हणजे मिल्याच्या आईला, सांगितलं. तात्या पलीकडं पेपर वाचत होते. ते पेपरातनंच म्हणाले, "सरकार म्हणालं म्हणून वेळ मागं जाती व्हय?"

काकूनं माझ्याकडं पाहिलं. दोन वर्षांत मिलिंदच्या विषयावर तात्या पहिल्यांदाच काही बोलले होते.

*

आता ते सांगितलंच पाहिजे. मिल्याला इरिगेशनमध्ये इंजिनियरची सरकारी नोकरी लागली होती. तात्यांनी गावभर पेढे वाटले होते. आमच्या घरातला पहिला साहेब. आणि हा गडी कुणाला न विचारता राजीनामा देऊन कॉम्प्युटरच्या कामावर अमेरिकेला गेला. निघायच्या आदल्या दिवशी तात्या त्याला एवढंच म्हणाले, "चाल केलीस ना? आता परत न्हाय."

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी मिल्याचा फोन यायचा. काकू बोलायची. तात्या फोनची बेल ऐकली की गोठ्यात जायचे. म्हशीला त्या वेळी काहीही नको असायचं, तरी जायचे.

मिल्या मला दर डाव संपताना विचारायचा, "तात्या काय म्हणाले?" मी लिहायचे, "बरे आहेत." त्याला उत्तर कळायचं, मला प्रश्न कळायचा. मला खेळातली हारजीत नको होती, एकदा या बापलेकांना बोलताना ऐकायचं होतं.

*

जानेवारीतल्या एका रविवारी तात्यांचा नवा चष्मा बारामतीत मिळणार होता. दुकान दहाला उघडणार होतं आणि तात्या सवयीनं आठलाच हजर. मी म्हटलं, "क्लासवर बसा माझ्याजवळ." ते मागं लोखंडी खुर्चीवर बसले. तिकडची घड्याळं मागं गेल्यापासून आमचा डाव साडेआठला असायचा, तसा पडद्यावर पट लागला. तात्या पुढं वाकले.

"समोर कोण हाय?"

"हाय एक," मी म्हणाले.

त्यांनी पुढं विचारलं नाही. मास्तर माणूस, सगळं कळत होतं. चाळीसेक चाली झाल्या असतील. घोड्याच्या रांगेतलं माझं प्यादं पुढं सरकत होतं, आणि तात्यांची खुर्ची इंचाइंचानं माझ्याकडं. मी एकदम उठले.

"तात्या, मी आजींकडनं पाणी पिऊन येते. तुमी बघा जरा. आपलं घड्याळ चालू हाय, कुणी खेळलं न्हाय तर डाव जातोय."

पाणी क्लासमध्येच माठात होतं. मी जिन्यात उभी राहिले.

तात्या पडद्यावर बोट ठेवायचे आणि जगताप सर माउस हलवायचे. पहिल्याच चालीला कॉम्प्युटर टुंग करून वाजला.

"काय झालं?"

"राजा असा जात न्हाय, तात्या."

"शह बसलेला न्हाय अजून. एक उडी असती त्याला."

"हितं न्हाय."

"हे कुणी ठरवलं?" तात्या म्हणाले, पण राजाला एकच घर सरकवलं. आणखी तीन चाली झाल्या आणि प्यादं शेवटच्या घरात गेलं. पडद्यावर छोटी चौकट आली. वजीर, हत्ती, उंट, घोडा, काय हवं ते निवडा. जगताप सरांचा बाण वजिरावर गेला. तात्यांनी त्यांचं मनगट धरलं.

"ते घर घोड्याचं हाय."

मला राहवलं नाही. मी जिन्यातनंच म्हणाले, "तात्या, वजीर घेतला तर दोन चालीत मात हाय."

"मग ती मात माझी न्हाय," तात्या म्हणाले. घोडा घेतला.

आता मिल्याचं घड्याळ चालू झालं. त्याच्याकडं अकरा मिनिटं होती. दहा झाली, नऊ झाली, सात झाली. "लाइन गेली का?" जगताप सरांनी विचारलं. लाइन होती. पट तसाच होता आणि फक्त आकडे उतरत होते. जिंकायचा वजीर सोडून घोडा घेणारा माणूस त्या साइटवर दुसरा कोण सापडणार होता?

खाली अक्षरं उमटली. मी येऊन वाचली, "ताई, तिथं कोण बसलंय?"

"काय म्हणतोय?" तात्यांनी विचारलं. कोण, हे आता तेही विचारत नव्हते.

मी सांगितलं. तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, "लिही, तुझी खेळी हाय. घड्याळ चालू हाय."

मी शब्दन् शब्द तसाच लिहिला, 'हाय'सकट. अर्ध्या मिनिटात मिल्याची चाल आली, आणि असली चाल त्यानं शाळेतही केली नव्हती. सरळ तात्यांच्या नव्या घोड्याच्या तोंडात वजीर. पाठोपाठ पडद्यावर चौकट आली.

"आता ही कसली?"

"चाल परत मागतोय," मी म्हणाले. "हो म्हणायचं का न्हाय, ते तुमी ठरवायचं."

तात्यांनी जुना चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. आमचं घड्याळ उतरत होतं. जगताप सर माउस धरून दगडासारखे बसलेले.

"घेऊ दे," तात्या म्हणाले.

वजीर आपल्या घरी मागं गेला. तात्या जगताप सरांना म्हणाले, "ही लाइन सोडली तर डाव जातो का?"

"न्हाय तात्या. जिथं हाय तिथंच राहतो."

"मग सोडा. आणि नंदे, त्याला आधी लिही, हितल्या नंबरावर फोन कर म्हणावं."

मी नंबर लिहिला आणि लाइन सोडली. वरून आजींनी विचारलं, "गेला का गं?" तीनचार मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. तात्यांनी दुसरी बेल होऊ दिली नाही.

"हां," ते म्हणाले. मोकळ्या हातानं लोखंडी खुर्ची फोनजवळ ओढून बसले. मग म्हणाले, "राजाला उडी न्हाय म्हणतंय रं तुझं मशीन."