आमाईच्या भिवाचं कातडं

बिरोबाच्या देवळामागं, चिंचेखाली धुळा हाके घोंगडं अंथरून आडवा होतो. सांजेच्या गाण्याआधी जरा डोळा लागावा म्हणतो, पण झोप कसली येते! कोंडगडच्या उत्सव कमिटीच्या चिटणिसांचं गोड बोलणं अजून कानात वळवळतंय.

"धुळाबा, ओव्या झकास म्हणा. फक्त ते आमाईचं कडवं तेवढं गाळा. कोंडराजाला लांडगीनं पाजलं, एवढं पुरे. पुतळ्यावरसुद्धा लांडगीच घडवलीय आपण."

आणि धुळा, ज्याच्या ओव्या ऐकायला चार गावचे धनगर मेंढरं पोरांवर सोडून येतात तो धुळा, मान डोलावून "बरं" म्हणाला. त्या बऱ्याचीच त्याला आता चीड येतेय. मोठ्या माणसापुढं जीभ टाळ्याला चिकटते, ही त्याची जुनी खोड.

पलीकडं गडी ढोल तापवतायत. तो आवाज लांब लांब जातो. चिंचेची सावली पायावरून छातीवर येते आणि पाण्यासारखी गार लागते. मग कुणीतरी कमरेत लाथ घालतं.

"ऊठ, मुडद्या!"

ठकाई नानी. धुळ्याची थोरली चुलती. धुळ्याची आई त्याला जन्म देतानाच गेली आणि हिनं त्याला अंगावर पाजून वाढवलं. हिला त्यानंच खांदा दिलाय, त्यानंच माती लोटलीय. तरी ती आहे, पदर खोचून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून, आणि भयंकर भडकलेली.

"नानी, तू कशी?"

"कशी म्हंजे? पायानं आले. चल. लांडगी दावते तुला."

देऊळ नाही. माळ आहे, काटेरी कुंपण आहे, आत मेंढरं. कुंपणाशी खरोखरीच एक लांडगी बसलीय. मरतुकडी, कान टवकारलेली. नानी तिच्याकडं बघतसुद्धा नाही.

"हिचं पिल्लू दोन म्हयन्यांत दूध सोडतं, ठावं हाय न्हवं? माणसाचं पोर तवर मान बी धरत न्हाई नीट. मग पुढं काय पाजलं तुमच्या राजाला? दगुड?"

"ती कथा हाय, नानी."

"कथाच सांगत्ये मी. तूच गातूस ना? गा की. राजाला कुणी टाकलं?"

धुळा गातो. स्वप्नात आवाज फुटत नाही म्हणतात, पण याचा फुटतो. जोश्यानं सांगितलं, बहिणीच्या पोटचा पोर तुझं तख्त घेईल. म्हणून मामानं ते तान्हं मारायला दिलं. प्रधानाला पापाची भीती, त्यानं शिपायाला दिलं. शिपायाला रक्ताची भीती, त्यानं माळावरच्या धनगराला दिलं: टाक झुडपात, लांडगी नेईल. एकेकानं हात झटकले आणि पाप उतरणीला लावलं.

"आन धनगरानं?"

"घरी नेलं. त्याच दिशी त्याच्या बायकूचं, आमाईचं, पोर मेलं हुतं."

"नाव घे."

"भिवा."

"हां. आता बघ."

ती खाली बसते. पुढ्यात मेलेलं कोकरू आहे. बाजूला दुसरं, आईवेगळं, ओरडून ओरडून घसा बसलेलं. मेलेल्याची आई लांब उभी आहे आणि या पोरक्याला जवळ आलं की डोक्यानं उडवते. नानी कोकराचं कातडं सोलते, पायांची भोकं राखून, झबलं काढावं तसं. ते पोरक्याच्या अंगात चढवते, पोटाखाली सुतळीनं बांधते. मेंढी येते. शेपटीपाशी हुंगते, पुन्हा हुंगते. वास तिच्या लेकराचा आहे. ती पाय फाकून उभी राहते आणि पोरकं खाली घुसतं. दोन-चार दिवसांत तिचं दूध याच्या अंगात भिनलं की कातडं काढून टाकायचं. कुठला मेंढका हे जाणत नाही? धुळ्यानं हे आयुष्यभर केलंय.

सुतळीची गाठ मारून नानी मान वर करते तेव्हा ते दरबारात असतात. फरशीवर लेंड्या. भालदार, चोपदार, धूप. तख्तावर कोंडराजा बसलाय, दाढीवाला, चांगला थोराड, आणि त्याच्या अंगावर इवलंसं कातडं आहे. छातीवर मावत नाही. पोटावर सुतळी.

"आमाईनं आपला भिवा राजाच्या शेल्यात गुंडाळला," नानी म्हणते. "शिपायानं त्योच मुडदा मामाला दावला. मामानं त्यालाच भाचा समजून पुरला. म्हणून ह्यो जगला! भिवाचं मरण पांघरून जगला. मोठा झाला, कमरंला ऱ्हायलेल्या राजघरच्या करगोट्यावरनं वळख पटली, मामाला मारलं, गड बांधला. आन मग भाटांना सांगितलं, लांडगी म्हणा."

"का पर?"

"तुला कळंना? लांडगीला नातेवाईक नसत्यात. ती दारात येऊन म्हणत न्हाई, माझं पोर कुठं पुरलंय ते दावा."

खांबाआड बायका उभ्या आहेत. कुठकुठल्या मुलखांतल्या, ओळखीची एकही नाही. एक पुढं येते. "माझ्या नावाचा अर्थ कुत्री," ती म्हणते. "तेवढ्यावर त्यांचं भागलं. मी पाजलेल्या राजाला म्हणे कुत्रीनं पाजलं." दुसरी नुसतीच हसते. तिनं वाढवलेल्या जुळ्यांनी नगरी बसवली. भिंतीवरून भांडण झालं आणि एकानं दुसऱ्याला मारलं. तिलाही गावानं लांडगी केलं. कुणी म्हणतात, तो शब्द तिकडं वाईट चालीच्या बाईला लावतात.

धुळ्याचं डोकं फिरतं. तो तख्ताकडं धावतो, सुतळीला हात घालतो. "काढ! काढ त्ये!" राजाचा चेहरा जवळून बघितला तर धुळ्याचाच आहे.

धुळा मागं सरतो. "नानी, ह्ये काय?"

नानीचा आवाज पहिल्यांदा खाली येतो. "तुझी आई गेली तवा माझं पोर जाऊन तीन दिस झालं हुतं. तुला माझ्या मांडीवर ठिवला. मी ढकलला तुला. दोनदा. न्हाई पाजणार म्हणले. मग सासूनं माझ्या लेकराची कुंची आणली, न धुतलेली. तुझ्या डोस्क्यावर घातली."

"आन?"

"आन काय? मेंढीच ना मी बी. वास आला, पान्हा फुटला." ती दात खाते. "लई राग आला हुता मला. तुझा, सासूचा, माझ्या छातीचा. त्यो राग घिऊनच पाजलं तुला दोन वरसं. लांडगीनं पाजलं असतं तर राग आला असता का तिला?"

"त्याचं नाव काय हुतं, नानी? तुझ्या लेकराचं?"

ती त्याला जवळ ओढते, तोंड छातीशी दाबते. घोंगड्याचा, धुराचा, घामाचा वास.

"धुळा," ती म्हणते. "बारशाला ठिवलं हुतं. कुंचीसंगं त्ये बी तुलाच घातलं. कुंची काढली. नाव कुणी काढलं न्हाई."

"धुळाबा! ओ धुळाबा!"

ऊन उतरलंय. चिटणीस वाकून उभे आहेत, मागं गडी ढोल गळ्यात अडकवून ताटकळलेत. धुळा उठून बसतो. मिशीला काहीतरी ओलं लागतंय. बोट फिरवतो, बघतो. पांढरं. जिभेला लावतो. कोमट, गोडसर, दूध. सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलेलं नाही.

"ते कडव्याचं ध्यानात आहे ना?" चिटणीस विचारतात.

"हाय."

"गाळणार ना?"

"न्हाई."

"अहो, पण सकाळी तर तुम्ही..."

"सकाळी मी कुणाचं नाव लावतूय ते मला ठावं न्हवतं." धुळा घोंगडं खांद्यावर टाकतो. मिशी पुसत नाही. "भिवापासनंच सुरू करणार हाय. त्याच्या मागनं आणिक एक पोर हाय, त्याची ओवी अजून झालेली न्हाई. ती बी आज हुईल. तुमच्या राजाला बसू द्या तवर."