कांताबाईंची ओळ

"मशीनच करतं ना सगळं, मग तुम्ही काय करता?" असं आमच्या पंचशीलाताईला कुणी विचारलं की मला राग येतो. तिला येत नाही, ती चष्मा पुसते आणि पुढची ओळ बघते. महूच्या फौजी घरातली आहे. आजोबा पलटणीत होते, शिस्त तिथूनच आली.

इंदूरला अन्नपूर्णा भागात आमचं छोटं ऑफिस आहे. लोक फोटो पाठवतात, त्यातलं लिखाण आम्ही अरबीत करून देतो. एका फोटोत चार ओळी चार भाषांच्या असू शकतात, इंदूरच आहे भिया! म्हणून मशीन आधी ओळी वेगळ्या काढतं, प्रत्येक ओळीची भाषा सुचवतं, आणि ताई ती मंजूर करते. अनुवाद त्यानंतर. भाषा चुकली की पुढचं सगळं मुसळ केरात.

मागच्या वर्षी येमेनहून शिकायला आलेला एक मुलगा इथे तापाने गेला. बड्या गणपतीजवळ कांताबाईंकडे खोली घेऊन राहायचा. कॉलेजला सुट्ट्या होत्या, सोबती गावोगाव गेलेले. तिकडे लढाई, घरचं कुणी येऊ शकलं नाही. कॉलेज उघडल्यावर मुलांनी श्रद्धांजलीचा फळा लावला आणि ज्याने त्याने आपापल्या भाषेत एकेक ओळ लिहिली. कांताबाईंनाही बोलावलं होतं. त्याच्या वर्गातला विपुल त्या फळ्याचा फोटो घेऊन आमच्याकडे आला. मुलाच्या आईला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, शेवटच्या घडीला माझ्या लेकाजवळ कुणी होतं का? विपुल म्हणाला, कांताबाईंनी लिहिलंय, तेच तिला वाचू द्या.

ताईने काम स्वतःकडे घेतलं. वरची इंग्रजी ओळ सरळ होती. उर्दू ओळीवर मशीन फसलं. अक्षरं अरबी वळणाची, म्हणून त्याने ती अरबीच समजून जशीच्या तशी सोडली होती. ताईने पकडली आणि उर्दूचा शिक्का मारला. मग नागरीतल्या ओळी आल्या, सगळ्यांवर मशीनने हिंदी सुचवलेलं. ताईने एकेक वाचली, समजली, मंजूर केली.

त्यात कांताबाईंची ओळही गेली. "पोरगा एकटा नव्हता, मी जवळ होते." शुद्ध मराठी! पण आम्ही पडलो इंदूरचे. आईशी बोलताना अर्ध्या वाक्यात हिंदी शिरते, अर्ध्यात परत मराठी येते, कुठे सांधा बदलला ते कानाला कळतच नाही. वाचलेलं समजलं म्हणजे झालं, असंच आमचं असतं. ती चूक पुण्याच्या माणसाने केलीच नसती.

मशीनला मात्र ती ओळ हिंदी म्हणूनच मिळाली. त्याने ओळखीचं वाटलं तेवढं धरलं, बाकीचं सोडलं आणि अंदाजाने एक साफसुथरं अरबी वाक्य केलं. आमच्याकडे अरबी तपासतात ते संजीवजी, तेही फक्त अरबी. वाक्य ठाकठीक होतं, त्यांना खटकणार तरी काय?

दोन-तीन दिवसांनी मुलाच्या भावाचा निरोप आला. आईने वाचलं, ती जेवत नाहीये, मुलगा एकटा होता हे तुम्ही लिहिलंत ते खरं लिहिलंत, आभार. संजीवजींनी तो आम्हाला वाचून दाखवला. ताईने फोटो उघडला. ती ओळ तिने एकदा मनात वाचली, मग मोठ्याने वाचली, आणि खुर्चीतच बसून राहिली. त्यातलं "नव्हता" मशीनने गाळलं होतं.

तिने ओळीची भाषा बदलली, अनुवाद पुन्हा काढला. संजीवजींनी शब्द न् शब्द पाहिला. सोबत चूक आमची कशी झाली तेही लिहिलं. भावाचं उत्तर लगेच आलं. त्याचा विश्वास बसला होता, आईचा नव्हता. तिने सांगितलं होतं, "त्या लोकांना देव सुखी ठेवो. पण आधीचं खरं होतं. हे माझ्यासाठी गोड करून लिहिलंय."

विपुलने कांताबाईंचा आवाज पाठवायचं सुचवलं. भाऊ म्हणाला, नको. आई आता गेलेल्याचं नावही काढू देत नाही.

मला संताप आला, कुणावर ते कळेना. ताईवर तर नाहीच. तिने सुट्टी घेतली नाही, रडलीही नाही. तेव्हापासून ती नागरीतली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचते, आणि आम्ही तिला कधी हसत नाही.

पण महिन्यातून एकदा ती बड्या गणपतीला कांताबाईंकडे जाते. एकदा मीही गेलो होतो. म्हातारी चहा ठेवता ठेवता म्हणाली, रात्रभर त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पहाटे माझाच पदर धरून गेलं लेकरू. मग नेहमीचंच विचारलं.

"पंचशीला, त्याच्या आईला पोचलं ना गं माझं?"

"पोचलं, मावशी," ताई म्हणाली, आणि चष्मा पुसायला घेतला.