लॉक झाल्यानंतरची माघार

फिल्मच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षी मी इतकी दमलेली असायचे की सानपाड्याच्या घरी आई पोळी वाढेपर्यंत माझी मान ताटावर कलायची. आई म्हणायची, "हे शिक्षण आहे की वेठबिगारी?" मी चिडायचे. तिचं बरोबर होतं म्हणूनच चिडायचे.

डिप्लोमासाठी प्रत्येकाला एक माहितीपट करायचा होता. मी खाडीत कालवं काढणाऱ्या एका बाईवर करत होते. करावे गावातली म्हणा. गाव तेच आहे की मी बदललंय, हे विचारू नका, कारण नाव-गाव न सांगण्याच्या अटीवरच तिने मला हे लिहू दिलंय. मी तिला मावशी म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेली, विधवा, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरून दगडांना चिकटलेली शिंपल्यासारखी कालवं खरवडायची, घरी आणून अंगणात फोडायची आणि वाटे लावून विकायची. सहा महिने मी तिच्या मागे कॅमेरा घेऊन चिखलात पडत होते आणि ती पोट धरून हसत होती.

फिल्मचा जीव मात्र चिखलात नव्हता. एके दुपारी कालवं फोडता फोडता ती आपणहून बोलायला लागली. तिचं माहेर नावड्याच्या बाजूचं. नवी मुंबई वसवताना सरकारने बापाच्या जमिनी घेतल्या आणि बदल्यात घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांइतका प्लॉट दिला. बाप वारल्यावर भावांनी तिला बोलावलं, जेवू घातलं, नवं लुगडं दिलं आणि एका कागदावर सही घेतली. "रेशनकार्डाचा हाय म्हनाले. वाचून दाखवला नाय. मागून कलला, मी माजा हक सोरलाय." तिने जाब विचारला आणि माहेर तुटलं. नऊ वर्षं भावाच्या घरची पायरी चढली नव्हती. हे सगळं सांगताना तिचे हात थांबले नाहीत. चार मिनिटांचा सलग शॉट. बावीस मिनिटांच्या फिल्ममधली बाकीची अठरा मिनिटं त्या चार मिनिटांसाठी उभी होती, हे मला त्याच दुपारी कळलं होतं आणि मला आनंद झाला होता. तिच्या दुःखाचा आनंद. तो मी आता कबूल करते.

संमतीपत्र मी पहिल्याच दिवशी घेतलं होतं. मराठीत, दोन पानी. कॉलेजचा नियम असा की वाचून दाखवायचं, समजलं का विचारायचं, मग सही. मी वाचलं, पण स्टेशनवरची अनाउन्समेंट वाचतात तसं. "फॉर्मॅलिटी आहे मावशी," असंही वर म्हणाले. तिने वाकडीतिकडी सही केली. त्यात एक कलम होतं: चित्रित व्यक्तीला फिल्म लॉक होईपर्यंत कोणतंही कारण न देता माघार घेता येईल. लॉक म्हणजे चित्रांची जुळणी कायम करायची. त्यानंतर एक फ्रेमही हलवायची नाही, कारण पुढचं आवाजाचं आणि रंगाचं काम त्या मापावरच होतं.

आमचं लॉक मंगळवारी झालं. बुधवारी सकाळी मावशीचा फोन आला.

"बाय, मना तुज्या पिच्चरमधून कार."

मी धावत तिच्याकडे गेले. ती ओट्यावर बसली होती, बाजूला लग्नपत्रिका होती. रविवारी थोरला भाऊ आणि त्याचा मुलगा स्वतः येऊन देऊन गेले होते. भाच्याचं लग्न. भाऊ तिच्या पाया पडला, झालं गेलं विसर म्हणाला. मांडवात तिला आत्याचा मान मिळणार होता.

"नव वर्सांनी दार उगारलाय," ती म्हणाली. "तुजा पिच्चर कोनी बगितला तं परत लागंल."

मी म्हटलं, चेहरा धूसर करते. ती म्हणाली, "नि आंगन? आंगन माजा हाय, सगला गाव वलकतं." आवाज बदलते म्हटलं. "नि हात?" तिने दोन्ही हात पुढे केले. डाव्या अंगठ्याचं पेर कालवाच्या धारेने कापलं गेलेलं, वाकडं. फिल्मभर मी ते हात जवळून घेतले होते, अभिमानाने. मग मी म्हटलं, फक्त तेवढा भाग काढते, चार मिनिटं. "मंग बाकी कनाला ठेवतंस? बगनारा इचारंल ना, ही कोन, हिचा माहेर कंचा." माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणाला तिने तीन वाक्यांत पाणी पाजलं.

तेव्हा मी ते केलं. पिशवीतून संमतीपत्र काढलं, त्या कलमावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मावशी, लॉक काल झालं. यात लिहिलंय, लॉकपर्यंतच. तुमची सही आहे."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती कागदाकडे बघून म्हणाली, "भावाने पन असाच सांगितला व्हता. आता सई झाली, ताय." आणि उठून आत गेली. चहा टाकल्याचा आवाज आला. मी चहा न घेता निघाले, म्हणजे पळालेच.

त्याच दुपारी मी आमच्या सरांना गाठलं. माझी फिल्म त्यांच्याच देखरेखीखाली होती. माणूस कधी आवाज चढवायचा नाही, त्यामुळे त्यांच्यापुढे खोटं बोलणं जास्त अवघड जायचं. ते म्हणाले, "कागदावर तू कदाचित बरोबर असशील. पण माघारीचा प्रत्येक अर्ज एथिक्स कमिटीपुढे जातो, आणि कमिटी पहिलं एकच विचारेल. तिने पहिल्यांदा संपर्क कधी केला?"

"बुधवारी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बसून मी फोनमधली कॉलची यादी उघडली. मला ठाऊक होतं तिथे काय आहे. सोमवारी, सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान, मावशीचे तीन मिस्ड कॉल. तीनही वेळा मी नाव वाचलं होतं आणि फोन पालथा ठेवला होता. ही बाई कधी उगाच फोन करत नाही, तेव्हा काहीतरी अडलंय, हे मला कळलं होतं. मला वाटलं होतं, लॉक होऊ दे, मग बघू. म्हणजे मुदत संपली नव्हती. मी ती संपवली होती. समोरची मिसळ तशीच गार झाली. मला स्वतःची अशी शिसारी पूर्वी कधी आली नव्हती आणि नंतरही आली नाही.

सरांना जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग कमिटीला काही ठरवायचंच राहिलं नाही. माघार वेळेत आहे." वर म्हणाले, "तू उशिरा सांगितलंस तेही कमिटीला द्यायच्या टिपणात लिही."

आता माघारीचा अर्ज लेखी हवा होता, तिच्या सहीचा. मी पुन्हा करावे गाठलं, माफी मागितली, फोन मुद्दाम उचलला नव्हता हेही सांगितलं. ती म्हणाली, "म्हाईत हाय. मोबाईल चालू व्हता तुजा." पण अर्जावर सही करायला साफ नकार. "आता सई नाय. कोनालाच नाय." मी समजावलं की हा कागद तिच्याच बाजूचा आहे. ती म्हणाली, "सगलेच म्हन्तात." कॅमेऱ्यावर तोंडी सांगा म्हणावं तर तेही हास्यास्पद, चित्रण नको म्हणून चित्रण करायचं. शेवटी सरांनी वाट काढली. सोमवारच्या फोनपासून तिने काय काय केलं, काय सांगितलं ते मी लिहायचं, तिला सावकाश वाचून दाखवायचं, आणि खाली सही माझी. मी वाचलं. पहिल्यांदाच नीट वाचलं. दोन ठिकाणी तिने मला दुरुस्त केलं.

शनिवारी ती बसने कॉलेजात आली. पुसणं डोळ्यांनी बघायचं, ही तिची एकमेव अट. वाटतं तेवढं ते सोपं नसतं. माझी हार्ड डिस्क, तिची दुसरी प्रत, कॉलेजच्या सर्व्हरवरची तिसरी. एडिटिंगसाठी केलेल्या हलक्या फाइल्स. आवाजवाल्या मित्राला पाठवलेली लिंक. मुलाखतीचा टाइप केलेला मजकूर. माझ्या मोबाईलमधले फोटो. मी एकेक उघडून दाखवत होते, ती मान हलवत होती. सर्व्हरच्या बॅकअपमधून जायला महिना लागेल हेही सांगितलं. तिने तारीख विचारली आणि पदराच्या गाठीला बांधावी तशी दोनदा पुटपुटली.

चार मिनिटांच्या शॉटपाशी ती म्हणाली, "लाव एकदा." मी लावला. ती स्वतःला बघत होती. स्क्रीनवरची बाई म्हणाली, वाचून दाखवला नाय, आणि खुर्चीतली बाई अगदी हळू म्हणाली, "नाय दाखवला." शॉट संपल्यावर तिने डोळे पुसले. "बरी बोललूय मी," म्हणाली. "कार आता."

मी काढला. सहा महिने गेले म्हणून रडू येत होतं, हेही खरंच. उदात्त वगैरे काही वाटलं नाही.

डिप्लोमाला मुदतवाढ मिळाली. आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनवर मी बारा मिनिटांचं काहीतरी केलं, पास होण्यापुरतं. ते पुन्हा बघावंसं मला वाटत नाही.

लग्नानंतर तीनेक महिन्यांनी मावशीला भेटायला गेले. कालवं फोडता फोडता ती मांडवातल्या गमती सांगत होती. हळदीत तिला नाचायला लावलं, भावजयीने स्वतःच्या हाताने गजरा माळला. मग सहज म्हणाली की लग्नाच्या पूजेनंतर भाऊ एक कागद घेऊन आला होता. प्लॉटवर बिल्डर इमारत बांधणार होता, आणि बिल्डरचा वकील म्हणत होता की जुना कागद कच्चा आहे, नोंदणी केलेला नाही, तो चालणार नाही. बहिणीचा हक्क अजून उभा आहे. नवीन हक्कसोडपत्र हवं, रजिस्ट्रारपुढे.

म्हणजे त्यासाठी पत्रिका. माझं डोकंच फिरलं. आणि तिची बाजू सांगणारा तो शॉट मी माझ्या हाताने पुसला होता. मी म्हणाले, "मावशी, सही नाही ना केली? तुम्ही तर कोणालाच करणार नव्हता!"

"आदी वाचून घेतला," ती म्हणाली. "भाच्याने वाचला. मंग रजिस्टारच्या सायबाने परत वाचला, तू वाचलास तसा, सावकास. इचारलान, समजला का. सगला समजला." तिने पुढचं कालव उचललं. "मंग केली."